कानसेनची पिशवी

शनिवारी दुपारी सव्वातीनला, चहाच्या सुट्टीत, सगळ्या शॉपच्या डोळ्यांदेखत कानसेनने नव्या सुपरवायझरच्या तोंडावर ठोसा हाणला. ठोसा चष्म्यावर बसला. काच फुटून भुवईत घुसली आणि रक्त गालावरून शर्टाच्या कॉलरमध्ये उतरलं. मागे नोटीस बोर्ड होता. बोर्डावर बढतीची यादी लागलेली आणि बोर्डाखाली बढती मिळालेला माणूस भुवई दाबून बसलेला.

शिवी नाही, धक्काबुक्की नाही, जुनं भांडण नाही. चष्मा, म्हणजे तो नवा सुपरवायझर, शॉपमध्ये सगळे त्याला चष्माच म्हणत, स्वतः चहाचा कप घेऊन कानसेनजवळ आला होता आणि म्हणाला होता, "काका, वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही नसाल तर हे शॉप एक दिवस चालणार नाही."

एवढंच. एवढ्यावर कोण मारतं? हे वाक्य बावीस वर्षं ऐकलेला माणूस मारतो.

कानसेन डाय सेटर होता. कामाला लागला तेव्हा डाय सेटर आणि त्या शनिवारीही डाय सेटर. प्रेस शॉपमध्ये अकरा प्रेस. लोखंडाची पट्टी आत सरकवायची, वरून रॅम, म्हणजे जड लोखंडी ठोकळा, येतो, त्याचा पंच पट्टीत घुसतो, खालच्या डायमधून तुकडा कापून पडतो. गाडीच्या दाराची बिजागरी, खुर्चीचा कोन, पेटीची कडी. मिनिटाला चाळीस ठोके. जमीन हादरते, दात हादरतात, नव्या माणसाला पहिले आठ दिवस झोपेतही ठोके ऐकू येतात. त्या ठोक्याखाली हात सापडला तर लोखंड आणि बोट यांत प्रेस भेदभाव करत नाही. शॉपमधल्या सगळ्यांची बोटं मोजली असती तर माणशी दहा भरली नसती. साहेब लोकांच्या केबिनमध्ये मात्र माणशी दहाचा हिशोब बरोबर जुळत होता.

या प्रेसमध्ये डाय बसवायची ती कानसेनने. पंच डायच्या भोकात शिरताना चारही बाजूंनी केसाएवढी जागा सुटली पाहिजे. एका बाजूला कमी पडली की पंच डायच्या काठावर आदळतो. कडक पोलाद वाकत नाही, फुटतं, आणि फुटलं की गोळीसारखं उडतं. त्यात अकरातले नऊ प्रेस म्हातारे. कुणाचा रॅम डावीकडे लंगडतो, कुणाचा पलंग, म्हणजे डाय जिच्यावर बसते ती बैठक, मागून खचलेला. अशा प्रेसवर डाय सरळ बसवायची तर खाली कुठेतरी पातळ पट्टी सरकवून ती लंगड भरून काढावी लागते. कोणत्या डायला, कोणत्या प्रेसवर, कोणत्या कोपऱ्यात किती जाडीची पट्टी, हे कुठल्या कागदावर नव्हतं. कानसेनच्या डोक्यात होतं आणि त्याच्या खाकी पिशवीत होतं. पिशवीत तेलकट फडक्यात गुंडाळलेल्या त्रेचाळीस पट्ट्या. प्रत्येकीवर खिळ्याने ओढलेल्या रेघा. त्या रेघा त्याच्याशिवाय कुणाच्या बापाला वाचता येत नव्हत्या.

डाय बसली की तो लांब जाऊन उभा राहायचा, डोळे मिटायचा आणि पहिले पाच ठोके ऐकायचा. "मागचा उजवा कोपरा," म्हणायचा. बघावं तर खरंच मागचा उजवा कोपरा. म्हणून कानसेन.

आणि याच माणसाच्या हाताखाली शिकलेले तिघे वर गेले. पहिला दुसऱ्या कारखान्यात मॅनेजर झाला. दुसरा तपासणी खात्यात, पांढऱ्या कोटात. तिसरा हा चष्मा, वय एकतीस, सात वर्षांपूर्वी पाना कुठल्या बाजूने फिरवायचा हे विचारणारा. कानसेनने सुपरवायझरच्या जागेसाठी चारदा अर्ज केला. चारही वेळा तोच अर्ज, फक्त तारीख बदलून. चारही वेळा यादीत दुसऱ्याचं नाव. आणि चारही वेळा कुणीतरी येऊन पाठीवर हात ठेवून म्हणालं, तुमच्याशिवाय शॉप चालत नाही. बैलालाही हेच सांगतात, फक्त तो अर्ज करत नाही.

सात दिवसांचं सस्पेन्शन, आठव्या दिवशी चौकशी. गेटवरच्या वॉचमनने कपाट रिकामं करायला लावलं. कानसेनने डबा घेतला, टॉवेल घेतला, खाकी पिशवी घेतली. पिशवीत काय आहे हे वॉचमनने विचारलं नाही आणि कानसेनने सांगितलं नाही.

*

घरी आला तो सरळ कपाटावर. दाराला एक बुक्की मारली, दुसरी मारली, तिसऱ्या बुक्कीला प्लायवूड फाटून हात मनगटापर्यंत आत गेला. मुलीने आतल्या खोलीची कडी लावून घेतली. तो कडीचा आवाज त्याला बुक्कीपेक्षा जास्त लागला.

बायको ड्यूटीवरून आली. ती सरकारी दवाखान्याच्या अपघात विभागात आया होती. रोज फाटलेली माणसं बघणारी बाई. तिने दाराचं भोक पाहिलं, नवऱ्याचा हात पाहिला, तांब्यात पाणी घेतलं आणि फळीचे तुकडे कातडीतून एकेक काढायला बसली.

"दार फोडलंत ते बरं झालं," ती म्हणाली. "कपडे शोधायला आता उघडावं लागणार नाही."

"मी त्याला मारलं."

"कळलं. तुमच्या शॉपमधला लंबू दवाखान्यात त्याला घेऊन आला होता. चार टाके पडले. मीच कापूस धरला होता." आणखी एक तुकडा उपसून म्हणाली, "रडत होता पोरगा. डोळ्यासाठी नाही. 'काकांनी मारलं' म्हणून."

"तो माझ्या डोक्यावर बसलाय."

"म्हणून तुम्ही त्याच्या डोळ्यावर बसलात?"

कानसेनने हात ओढून घेतला. तिने तो परत पकडला आणि उरलेला तुकडा जरा जोरातच उपसला.

रविवार, सोमवार तो कुणाशी बोलला नाही. राग उतरत नव्हता, मुरत होता. चष्म्यावरून तो मोठ्या साहेबावर सरकला. यादीवर सही कुणाची? मोठ्या साहेबाची. बावीस वर्षांत आपल्याला एकदा तरी बसायला खुर्ची दिली का? नाही. मग डोकं फोडायचंच असेल तर ते डोकं फोडावं, पोराचं काय फोडायचं. मंगळवारी सकाळी त्याने खाकी पिशवीत पट्ट्यांवर चौदा इंची पाना टाकला आणि कारखान्यासमोरच्या रस्त्यावर, सायकल दुरुस्तीवाल्याच्या टपरीच्या आडोशाला जाऊन उभा राहिला. साहेबाची गाडी अकराला येते. गाडीतून उतरून गेटपर्यंत वीस पावलं. वीस पावलं पुष्कळ झाली.

साडेदहा वाजले होते. शॉपची मागची भिंत रस्त्याला लागून. ठोके बाहेरपर्यंत येत होते आणि कानसेनला अकरा प्रेस अकरा माणसांसारखे ओळखू येत होते. हा वीसटनी, किरकिऱ्या. हा ऐंशीटनी. मग एकशेसाठटनी सुरू झाला आणि त्याने मान वळवली.

ठोका बोदा होता. ढप्प व्हायच्या ऐवजी ढ-प्प. दोन तुकड्यांत. पंच आधी डावीकडे टेकतोय, मग आत जातोय.

बिजागरीची डाय लावली होती. हा आवाज त्या डायचा. तिला मागच्या डाव्या कोपऱ्यात अर्धा मिलीमीटरची पट्टी लागते, कारण त्या प्रेसचा पलंग तिथे खचलाय. दुसरी कुठलीच पट्टी चालत नाही, भंगारातून कापलेली तर नाहीच, कारण ती दाबाखाली चेपते. आणि ती अर्ध्या मिलीमीटरची पट्टी, तीन रेघा आणि एक टिंब, या क्षणी त्याच्या खांद्याला लटकत होती.

आता मनात जे आलं ते पुढे त्याने एकट्या बायकोला सांगितलं. त्याला बरं वाटलं. फुटू दे, तो मनात म्हणाला. फुटू दे पंच. पाच मिनिटांत पंच फुटेल, प्रेस बंद पडेल, साहेब गाडीतून उतरेल तो डोक्याला हात लावेल. कळू दे, कानसेन काय चीज होती. तो हसलासुद्धा. टपरीवाल्याने विचारलं, "काय मामा, लॉटरी लागली काय?"

पाच मिनिटं लागली नाहीत. कडाड असा एक आवाज आला, कवटी फुटावी तसा. मग फ्लायव्हीलच्या जड चाकाची नुसती घरघर. आणि मग एक माणूस ओरडला आणि ओरडतच राहिला.

पंच फुटतो तेव्हा प्रेससमोर माणूस असतो, ही गोष्ट बावीस वर्षं रोज बघणारा माणूस तेवढा वेळ विसरला होता.

तो धावला. वॉचमन आडवा आला, "सस्पेंड आहात, आत नाही." कानसेनने त्याची कॉलर धरून त्याला खुर्चीसकट बाजूला भिरकावलं. आत लंबू जमिनीवर पडला होता. चाळीशीचा, उंच, प्रेसवर बसला की गुडघे छातीला लागणारा माणूस. त्याच्या उजव्या हातात कोपराखाली बोटभर लांबीचं पोलाद घुसून दुसऱ्या बाजूने डोकावत होतं आणि रक्त ठोक्याठोक्याने उसळत होतं. शेजारी चष्मा गुडघ्यावर बसलेला. भुवईवर पट्टी, नाकावर जुना, कमी नंबरचा चष्मा. दोन्ही हातांनी जखम दाबायला बघत होता आणि त्याला नेमकी जखम दिसत नव्हती.

हात आत जाऊ नये, तुकडा अंगावर उडू नये म्हणून लावायची ती प्रेसची जाळी भिंतीला टेकवून ठेवलेली. जाळी लावली की माल सरकवायला वेळ जातो, म्हणून वरूनच हुकूम होता, काढा.

कानसेनने कमरेचा पट्टा सोडला, लंबूच्या दंडाला आवळला, पिशवीतला पाना पट्ट्यात अडकवला आणि पीळ दिला. एक, दोन, अडीच. रक्त थांबलं. साहेबाच्या डोक्यासाठी आणलेला पाना तसा कामी आला.

"लोखंड उपसू नको," तो चष्म्याला म्हणाला. "आत आहे तोवर बूच आहे."

लंबू पांढरा पडला होता. "कानसेन," तो म्हणाला, "आवाज बरोबर नव्हता ना रे?"

"नव्हता."

"मला वाटलंच. पण मला वाटून काय उपयोग."

*

दवाखान्यात बायकोनेच स्ट्रेचर ओढलं. तिने पट्टा पाहिला, पाना पाहिला, मग नवऱ्याकडे पाहिलं. पाना सकाळी घरातून गेलेला तिने पाहिला होता. डॉक्टरांनी केसपेपर लिहायला घेतला तेव्हा कारखान्याचा कारकून पुढे झाला, "कामगाराच्या हलगर्जीमुळे, असं लिहा." बायको ट्रे घेऊन मध्ये उभी राहिली. "डॉक्टर, पेशंट शुद्धीवर आहे. त्यालाच विचारा ना." लंबूने सांगितलं, जाळी नव्हती, पंच फुटला. डॉक्टरांनी तेच लिहिलं. कारकुनाचं तोंड बघण्यासारखं झालं.

हात वाचला. दोन बोटांच्या शिरा तुटल्या. करंगळी आणि शेजारचं बोट आता वळणार नाहीत.

संध्याकाळी दवाखान्याच्या मागच्या पायऱ्यांवर कानसेनने बायकोला सगळं सांगितलं. पिशवी, पट्टी, तीन रेघा, टिंब. आणि ते हसणं. ती ऐकत राहिली. तिने त्याला माफही केलं नाही आणि शिव्याही दिल्या नाहीत. मग विचारलं, "तुम्हाला नक्की काय पाहिजे?"

"सुपरवायझर व्हायचंय."

"का?"

"का म्हणजे? बावीस वर्षं झाली."

"ते झालं किती दिवस थांबलात त्याचं उत्तर. बसस्टॉपवर बावीस वर्षं उभं राहिलं म्हणजे येईल त्या गाडीत चढायचं काय? गाडी कुठे जाते ते तर बघा."

त्याला राग आला. नेहमीसारखा, पोटातून वर. पण मारायला जवळ काही नव्हतं, पायरी दगडाची होती आणि हात अजून सुजलेला होता.

बुधवार, गुरुवार घरात तो आणि पिशवी. बायको कामावर, मुलगी कॉलेजात. पहिला दिवस त्याने स्वतःची बाजू मांडण्यात घालवला, मनातल्या मनात, मोठ्या आवाजात. दुसऱ्या दिवशी बाजू मांडून कंटाळला. मग त्याने जे आयुष्यभर डायबरोबर केलं ते केलं. डाय बसत नसेल तर नवशिका हातोडा मारतो. जाणता बोल्ट सैल करतो. सगळे, चारही. मग हाताने फ्लायव्हील फिरवून रॅम हळूच खाली आणतो, मध्ये साधा कागद ठेवतो आणि बघतो, कागद कुठे स्वच्छ कापला आणि कुठे फाटला. फाटला तिथे दोष.

जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर त्याने चष्म्याचा दिवस लिहून काढला. सकाळी हजेरी. कोण आला नाही त्याला फोन. मालाचा रिपोर्ट, संगणकावर. अकराची मीटिंग, तिथे शिव्या खाणे. दुपारी त्याच शिव्या खाली वाटणे. स्टोअरशी भांडण. संध्याकाळी परत रिपोर्ट. लिहून झाल्यावर तो एकेका ओळीवर बोट ठेवत गेला. हे मला आवडेल? नाही. हे? नाही. हे जमेल? शिकलो तर. पण आवडेल? नाही. अख्ख्या दिवसात त्याला एकच काम हवंसं वाटलं, स्टोअरशी भांडण, आणि ते तो पगाराशिवायही करत होता.

मग चार अर्ज कशासाठी? कागद इथे फाटला. त्याने खाली लिहिलं. पंचावन्नाव्या वर्षी दीडशे किलोच्या डायखाली आडवं पडायचं नाही, पाठ गेली आहे. शॉपमध्ये मी बोललो की ते ऐकलं जावं. जाळी काढू नका म्हणालो तर ती काढली जाऊ नये. आणि मला जे येतं ते माझ्याबरोबर मसणात जाऊ नये. हे शेवटचं वाक्य लिहून तो बराच वेळ पिशवीकडे बघत बसला. या कशातच खुर्ची नव्हती. खुर्ची त्याने मागितली होती कारण वर जायचा तेवढाच एक रस्ता कुणीतरी बोर्डावर लावला होता.

एक गोष्ट राहिली होती. चारदा नाव का कापलं, हे त्याने चारही वेळा विचारलं नव्हतं. विचारणं म्हणजे भीक, असं त्याला वाटायचं. रुसून बसणं मात्र फुकट होतं.

शुक्रवारी दुपारी तो चष्म्याच्या घरी गेला. हातात त्याच्यासाठी काचा बसवलेली नवी फ्रेम, नंबर दवाखान्यातून बायकोने आणलेला. चष्म्याच्या आईने दार उघडलं आणि त्याला ओळखून ते अर्धं लावलं. "आता काय, दुसरा डोळा?"

"नाही वहिनी. पहिल्याची भरपाई."

आत कानसेनने फ्रेम चष्म्यापुढे ठेवली. मग कानसेन म्हणाला, "माझं नाव का नव्हतं, तुला माहीत असेल तर सांग. मारणार नाही."

"हात खिशात ठेवा आधी," चष्मा म्हणाला.

कानसेनने खरंच ठेवले.

"तुमचं नाव वर होतं, काका. चारही वेळा. साहेब म्हणाले, याला वर घेतला तर डाय कोण बसवणार? विषय संपला. मी तिथे होतो या वेळी. मी बोलायला पाहिजे होतं, बोललो नाही. मला जागा हवी होती." त्याने नवा चष्मा लावला, काढला, परत लावला. "आणि अजून एक सांगू का?"

"सांग."

"सात वर्षं तुमच्याकडे होतो. पाना कसा धरायचा ते शिकवलंत. पट्टी सरकवायची वेळ आली की पाठ करून उभे राहायचात. शाळेत पेपर झाकतात तसे. मंगळवारी सकाळी साहेबांनी फोनवरून डाय लाव म्हणून सांगितलं, तेव्हा मला तुमची पाठ आठवत होती. कोपरा आठवेना."

कानसेनचे हात खिशात वळले. मूठ तयार झाली, सवयीने. पण ही मूठ कुणावर उगारायची ते कळेना. त्याला वाटत होतं पट्ट्या ही आपली ढाल आहे. कुणी काढू शकत नाही, कारण कुणाला येत नाही. खरं होतं. कुणी खाली काढू शकलं नाही आणि कुणी वरही काढू शकलं नाही. बावीस वर्षं त्याने स्वतःच्या डायचे बोल्ट स्वतःच आवळले होते.

"कोपरा मागचा डावा," तो म्हणाला.

*

शनिवारी चौकशी. मोठ्या साहेबाने दार बंद केलं आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा खुर्चीकडे बोट दाखवलं. कानसेन बसला. खुर्ची मऊ होती. सावध राहावं एवढी मऊ.

"शॉप चार दिवस बंदसारखं आहे," साहेब म्हणाला. "झालं गेलं विसरू. हा कागद आहे. सुपरवायझरने डाय चुकीची बसवली, त्यामुळे अपघात. जाणकार म्हणून तुमची सही. त्याला घरी पाठवतो. त्याची जागा तुमची. डाय काय, तुम्ही बसवताच आहात, तेही चालू ठेवा."

ही ती जागा. चार अर्ज, फाटलेलं कपाट, फुटलेली भुवई, सगळं ज्या खुर्चीसाठी, ती समोर सरकवली होती. आठ दिवसांपूर्वी त्याने सही केली असती आणि वर पेढेही वाटले असते. आता त्याने कागद वाचला. दोनदा वाचला. डोक्यात रक्त चढत होतं, कानशिलात ठोके पडत होते, टेबलावरचा काचेचा पेपरवेट हाताच्या अंतरावर होता. त्याने पेपरवेट उचलला, जड होता. साहेबाची खुर्ची मागे सरकली.

कानसेनने पेपरवेट त्या कागदावर ठेवला.

"यात जाळी नाही," तो म्हणाला. "जाळी कुणाच्या हुकमाने काढली ते नाही. माझंही नाव नाही. पट्टी माझ्याकडे होती. मी घेऊन गेलो होतो आणि आवाज ऐकूनही रस्त्यावर उभा राहिलो. ते लिहा. पोराला मारलं तेही लिहा, वॉचमनला ढकललं तेही. सही करतो."

"डोकं फिरलंय का? नोकरी जाईल."

"जाईल. दवाखान्याच्या कागदावर जाळीचं लिहिलेलं आहे साहेब, ते माझ्या सहीने खोडलं जाणार नाही. उद्या सरकारी तपासणीला कुणी आलं तर लंबू बोलेल, मी बोलेन. चष्मा बोलेल की नाही, त्याचं त्याला ठाऊक."

मग त्याने खाकी पिशवी टेबलावर पालथी केली. त्रेचाळीस पट्ट्या खणखणत काचेवर पसरल्या, काचेला एक ओरखडा गेला. सोबत आदल्या रात्री कॅलेंडरच्या दुसऱ्या पानामागे लिहिलेली यादी, डायचा नंबर, प्रेस, कोपरा, जाडी. सगळ्या नव्हत्या, सतरा झाल्या होत्या.

"हे घ्या. आता माझ्याशिवायही शॉप चालेल. सुपरवायझरची जागा मला नको. मला दोन माणसं द्या, शिकवतो. प्रत्येक डायचं कार्ड करतो. आणि जाळी नसेल तिथे डाय बसवणार नाही, माझा माणूसही बसवणार नाही. पटलं तर ठेवा."

साहेबाने पट्ट्यांकडे पाहिलं. रेघा त्यालाही वाचता आल्या नाहीत. यादीत सतरा होत्या आणि डाय चौसष्ट. साहेब दुसरं काही नसला तरी हिशोबी होता. चांगुलपणाने काही झालं नाही, उरलेल्या सत्तेचाळीसांनी झालं.

शेवटची ताकीद मिळाली. दोन वर्षं कुठल्याही बढतीला अर्ज करायचा नाही, असं लेखी. चष्म्याची जागा राहिली, कारण त्याच दुपारी तो आपण होऊन केबिनमध्ये गेला आणि जाळीचा हुकूम कुणाचा ते लिहून देऊन आला. जाळ्या लागल्या. माल थोडा कमी निघाला, शिव्या थोड्या जास्त.

घरी बायकोने विचारलं, "मग काय झालात?"

"डाय सेटर."

"आणि?"

"आणि बरं वाटतंय. का ते विचारू नको, अजून नीट बसवायचंय."

कपाटाला त्याने नवं दार लावलं. मुलीने रंग दिला, तिला आवडतो तो.

*

पावणेदोन महिन्यांनी लंबू कामावर आला. प्रेसवर बसणं बंद, दोन बोटं काठीसारखी ताठ. कानसेनने त्याला मागून घेतला. "याला माल सरकवता येणार नाही, पण कान शाबूत आहेत. आवाज याला त्या दिवशीही कळला होता," असं म्हणाला. दुसरा म्हणून तपासणीतली एक बाई आली, मोजमापाला पक्की, तोंडाने त्याहून पक्की.

कार्ड करताना कानसेनला घाम फुटला. हाताला माहीत असलेलं शब्दांत येईना. "जरासं मागे" असं लिहिलं की बाई विचारायची, "जरासं म्हणजे किती? तुमचं जरासं आणि माझं जरासं यात एक बोट जाईल." तो चिडायचा, हातोडा आपटायचा, बाहेर जाऊन पाणी प्यायचा, परत यायचा आणि मोजायचा. एकोणसाठ कार्डं झाली. उरलेल्या पाच डाय कुणाला आठवेनाशा जुन्या होत्या.

त्या दिवशी बिजागरीची डाय होती, एकशेसाठटनी प्रेस, नवा पंच. कानसेन दहा पावलं लांब उभा राहिला. हात खिशात, कारण बाहेर ठेवले तर गप्प बसत नाहीत. बाईने कार्ड वाचलं, पट्टी सरकवली, तीन रेघा, एक टिंब. लंबूने डाव्या हाताने फ्लायव्हील फिरवलं, कागद धरला. डाय घट्ट धरणारे क्लॅम्प आवळले. जाळी खाली आली. चष्म्याने दुरून मान हलवली.

ठोका पडला. दुसरा पडला. तिसऱ्याला कानसेनने कान टवकारले. किंचित. फार नाही, पण किंचित बोदा. कार्ड बरोबर, पट्टी बरोबर, मग काय? क्लॅम्प. मागचा क्लॅम्प अर्धा फेरा सैल. त्याचं तोंड उघडलं, बावीस वर्षांची शिवी ओठावर आली, पाय निघाला.

त्याने पाय परत ठेवला. दात आवळले. चौथा ठोका त्याने हिरड्यांत ऐकला.

लंबूने हात वर केला. "थांबव," तो म्हणाला. मान तिरकी करून क्षणभर उभा राहिला, जणू ठोका अजून हवेत आहे. "मागचा डावा क्लॅम्प. सैल आहे."

बाईने पाना लावला. अर्धा फेरा फिरला.

"कसं रे कळलं?" चष्म्याने विचारलं.

"एकदा हातातून गेलंय," लंबू म्हणाला. "विसरता येत नाही."

प्रेस परत सुरू झाला. ढप्प. ढप्प. ढप्प. एकसंध, जमीन हादरवणारा. कानसेनने डोळे मिटले, पाच ठोके मोजले आणि हात खिशातून बाहेर काढले.